तलाई कुठे आहे? मधमाशीचा नाच वाचताना

इंदूरजवळ महू रोडवरच्या शेतात माझ्या मावसभावाने, म्हणजे नानादादाने, मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्या आहेत. त्यांतली एक पेटी चपटी आहे. तिच्यात एकच उभी चौकट बसते आणि दोन्ही बाजूंना काच आहे. मधासाठी तिचा काहीच उपयोग नाही, असं वहिनी दरवेळी ऐकवते. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्यासमोर बसले, तेव्हा दादाने काचेवर वरून एक दोरा सोडला होता आणि त्याच्या टोकाला लोखंडी नट बांधला होता. गवंड्याचा ओळंबा असतो ना, तोच, पण घरगुती. "आधी हे बघ," तो म्हणाला, "हा दोरा नसेल तर माशी काय बोलतेय ते तुला कळणारच नाही."

काचेआड हजारभर माश्या नुसत्या वळवळताना दिसतात. डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. मग लक्षात येतं की बाहेरून नुकतीच आलेली एक माशी गर्दीतून थोडी जागा करून घेते आणि पोटाचा मागचा भाग डावी-उजवीकडे झपाझप हलवत सरळ पुढे जाते. हे हलणं इतकं वेगाने होतं, सेकंदाला तेरा-चौदा वेळा, की ती थरथरतेय असंच वाटतं. काही क्षण असं सरळ गेल्यावर थरथर थांबते. मग ती उजवीकडून अर्धगोल घेऊन मूळ जागी परत येते, पुन्हा त्याच दिशेने थरथरत धावते आणि या वेळी डावीकडून वळते. असं पुन्हा पुन्हा. सगळी पुस्तकं म्हणतात की माशी आठचा आकडा काढते. लहानपणी मी ते वाचून ८ डोळ्यांसमोर आणला होता आणि काही केल्या नाच समजत नव्हता. तो इंग्रजी आठ आहे, आडवा पाडलेला आणि मधून दाबलेला.

नाचाचा सगळा मजकूर मधल्या थरथरत्या धावेत असतो. अर्धगोल म्हणजे नुसतं परत येणं. धाव कोणत्या दिशेने आहे यावरून खाणं कुठल्या बाजूला ते कळतं आणि ती किती वेळ चालली यावरून किती लांब ते कळतं.

दिशेचं गणित असं. पेटीच्या आत अंधार असतो आणि चौकट उभी टांगलेली असते. तिथे पूर्व-पश्चिम दाखवायला काहीच नाही, फक्त वर आणि खाली आहे. माशी एक बदल करते. बाहेर जिथे सूर्य असतो, ती दिशा आत 'वर' होते. फुलं सूर्याच्याच दिशेला असतील तर ती सरळ वर धावते. सूर्याकडे पाठ करून जायचं असेल तर सरळ खाली. सूर्याच्या उजवीकडे साठ अंशांवर जायचं असेल तर ओळंब्याच्या उजवीकडे साठ अंशांवर. सूर्य आकाशात किती उंच चढला आहे याच्याशी तिला कर्तव्य नसतं. तो क्षितिजावर ज्या बिंदूच्या डोक्यावर आहे, तेवढीच दिशा ती धरते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे जूनमध्ये सगळा घोटाळा तिथेच होतो.

हे कोडं कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने सोडवलं आणि १९७३ साली त्यासाठी त्याला नोबेल मिळालं. पण आधी वीसेक वर्षं तो चुकीचा अर्थ लावत होता, हे मला जास्त आवडतं. साखरपाण्याच्या बशा तो पोळ्याजवळच ठेवायचा. इतक्या जवळून आलेल्या माश्या नुसत्या गोल फिरत. लांबच्या फुलांवरून पराग आणणाऱ्या माश्या मात्र थरथरत. त्यावरून त्याने ठरवलं की गोल नाच मकरंदाचा आणि थरथरता नाच परागाचा. १९४४ साली त्याने बशी बरीच लांब नेली, तेव्हा साखरपाणी आणणाऱ्या माश्याही थरथरू लागल्या. फरक मालाचा नव्हता, अंतराचा होता. खाणं जवळ असेल तर थरथरती धाव इतकी आखूड होते की आपल्याला नुसतं गरगर फिरणंच दिसतं.

आता पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीचा नाच. सकाळचे साडेदहा वाजून गेले होते. दादाने काचेवरचं कापड वर केलं, पण लाल जिलेटिनचा कागद तसाच ठेवला. माशीला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे लाल उजेडात तिला अंधारच वाटतो आणि आपल्याला मात्र सगळं दिसतं. मी मोबाइलवर एकाच माशीच्या दहा धावा टिपल्या. मग झाडाखाली बसून चित्रफीत हळू चालवून पाहिली. थरथर सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ कधी १.३ सेकंद निघाला, कधी १.७. सरासरी दीड सेकंद. कोन ओळंब्याच्या डावीकडे होता, पण तोही एकसारखा नव्हता. एका धावेला ३३ अंश, तर पुढच्या धावेला ४७. उजवीकडून वळून आली की एक, डावीकडून वळून आली की दुसरा, असा तो झोका चालू होता. सरासरी चाळीस.

सूर्याची दिशा काढायला दादाने अंगणात काठी रोवलेलीच होती. काठीची सावली ज्या बाजूला पडते त्याच्या बरोबर उलट बाजूला सूर्य. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलं तर सूर्य १२४ अंशांवर होता, म्हणजे साधारण आग्नेयेला, थोडा पूर्वेकडे झुकलेला. माशी म्हणत होती, सूर्याच्या डावीकडे चाळीस. १२४ मधून ४० गेले, राहिले ८४. पूर्व ९० वर असते, म्हणजे माशी जवळजवळ सरळ पूर्वेला जायला सांगत होती. दादाच्या पेटीतल्या माश्या युरोपातून आणलेल्या जातीच्या, आपल्याकडे मेलिफेरा म्हणतात त्या. त्यांच्या बाबतीत एक सेकंद थरथर म्हणजे ढोबळमानाने एक किलोमीटर. म्हणून पत्ता झाला, पूर्वेला दीड किलोमीटर.

आम्ही दोघं स्कूटर घेऊन निघालो. तिथे पाडव्याच्या दिवसांत जे असायचं तेच होतं, कडुनिंब फुललेला. पण एका ठिकाणी नाही. ओढ्याकाठी चार झाडं होती आणि जवळच्या वस्तीत दोन. यांतली कोणती झाडं माशीला अभिप्रेत होती, हे आम्हाला ठरवता आलं नाही. गणित करून पाहा. दिशेत दहा अंश इकडेतिकडे झाले, तर दीड किलोमीटरवर ते अडीचशे मीटरपेक्षा जास्त होतात. दहा धावांची सरासरी घेऊनही आमचा पत्ता एका झाडापर्यंत पोहोचत नाही, एखाद्या मोहल्ल्यापर्यंत पोहोचतो.

माश्यांचंही याहून फार चांगलं नसतं. मागे लागलेली माशी नाचणारीला मिश्यांनी चाचपत अंधारात तिच्यासोबत सरकते. एका धावेवर ती सहसा उडत नाही. कित्येक धावा सोबत करते आणि त्यांतून तिच्या मनात सरासरी तयार होत असावी. मग ती बाहेर पडून त्या भागापर्यंत जाते. पुढचं काम वासाचं. नाचणारीच्या अंगाला कडुनिंबाचा वास असतो, मध्येच थांबून ती मकरंदाचा थेंबही चाखायला देते. नाच मोहल्ल्यापर्यंत नेतो आणि वास दारापर्यंत.

या वासामुळेच एक जुना वाद झाला होता. १९६० च्या दशकात एड्रियन वेनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचारलं, माश्या वासानेच पोहोचत असतील तर? नाचात दिशा आहे हे आपल्याला वाचता येतं म्हणून माशीलाही ते वाचता येतं असं कशावरून? प्रश्न रास्त होता. शंका घेणाऱ्याला खोडसाळ ठरवण्यापेक्षा उत्तर शोधणं बरं. ते १९७५ साली जेम्स गूल्डने मोठ्या हुशारीने शोधलं.

त्याची युक्ती समजायला एक गोष्ट माहीत हवी. पोळ्यात ठळक उजेड दिसला तर माशी त्यालाच सूर्य मानते आणि ओळंबा सोडून त्या दिव्याच्या संदर्भाने नाचते. दादा काचेवर कापड टाकतो ते याचसाठी. माशीच्या डोक्यावर दोन मोठ्या डोळ्यांखेरीज तीन बारीक साधे डोळे असतात. ते काळ्या रंगाने झाकले की तिला मंद उजेड कमी जाणवतो. गूल्डने नाचणाऱ्या माश्यांचे ते डोळे झाकले आणि पोळ्यात असा दिवा लावला, जो त्यांना सूर्य वाटण्याइतका ठळक नव्हता, पण बाकीच्या माश्यांना होता. नाचणारी ओळंब्याच्या हिशोबाने बोलत राहिली. ऐकणाऱ्यांनी मात्र दिव्याच्या हिशोबाने अर्थ लावला आणि त्या चुकीच्या जागी जाऊन शोधू लागल्या. त्याने दिवा सरकवला की त्यांची चुकीची जागाही तशीच सरकायची. त्या जागी ना खाणं होतं ना वास. त्या नाच वाचून आल्या होत्या, एवढंच कारण उरत होतं.

अंतराचं प्रकरण वेगळंच आहे. माशीला किलोमीटर कुठून कळतो? पूर्वी वाटायचं की थकव्यावरून, खर्च झालेल्या ताकदीवरून. खरं उत्तर एका अरुंद बोगद्याने दिलं. बंगळुरूत शिकलेले आणि पुढे ऑस्ट्रेलियात संशोधन करणारे श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोळ्यापासून ३५ मीटरवर सुमारे सहा मीटर लांब आणि ११ सेंटीमीटर रुंद असा लाकडी बोगदा ठेवला. आतल्या भिंतींवर काळे-पांढरे ठिपके-चौकोन चिकटवले आणि बशी बोगद्याच्या शेवटी ठेवली. माशी एकूण चाळीस-एक मीटर उडाली होती, एवढ्यावर तिने नुसता गोल नाच करायला हवा. पण ती परत येऊन दणदणीत थरथरू लागली. बोगद्यातले सहा मीटर तिच्या हिशोबात जवळजवळ दोनशे मीटर झाले होते.

कारण तिने मीटर मोजलेच नव्हते. उडताना आजूबाजूचं दृश्य डोळ्यांसमोरून किती मागे सरकलं, ते ती मोजते. रेल्वेच्या खिडकीतून लांबची टेकडी संथ जाते आणि रुळाशेजारचे खांब सटासट मागे पडतात, तसंच. अरुंद बोगद्यात भिंत डोळ्यांना खेटून असते, म्हणून थोड्या उड्डाणात बेसुमार दृश्य सरकतं. याच प्रयोगात भिंतींवरचं चित्र बदलून बोगद्याच्या लांबीला समांतर पट्टे लावले. असे पट्टे उडताना मागे सरकताना दिसतच नाहीत. बोगदा तोच, बशी तिथेच, पण माश्या परत येऊन गोल नाचू लागल्या. त्यांच्या लेखी त्या बोगद्यात उडाल्याच नव्हत्या.

मी दादाला म्हटलं, म्हणजे हिचं माप खोटंच की! तो म्हणाला, "खोटं कसं? ऐकणारी त्याच रस्त्याने उडणार ना? तिच्याही डोळ्यांसमोरून तेवढंच सरकणार." बरोबर आहे. तुम्ही राजवाड्याच्या गल्ल्यांवरून उडा किंवा माळावरून, दोघींचा रस्ता एक असेल तर हिशोब जुळतो. फसगत होते ती मधे बसून मापन करणाऱ्या आपली. आमच्या दीड किलोमीटरलाही म्हणूनच मी फार ताणत नाही. मोकळ्या शेतावरचा दीड वेगळा, झाडीतून गेलेला वेगळा.

शिवाय सगळ्या माश्यांचं माप एक नसतं. दक्षिण भारतात सातेरी, फुलोरी आणि आग्या या तिन्ही जातींना लांब लांब बश्यांवर नेऊन नाच मोजले गेले, २०२० साली ते प्रसिद्ध झालं. तेवढ्याच अंतरासाठी सातेरी सगळ्यात जास्त वेळ थरथरते, आग्या सगळ्यात कमी, फुलोरी मधली. सातेरी घराजवळच चरते, म्हणून तिला बारीकसारीक फरक सांगायला ऐसपैस माप परवडतं. आग्या दूरवर जाते. तिने सातेरीच्या मापाने सांगायचं ठरवलं तर धाव संपतच नाही. म्हणून आग्या मोहोळाखाली दुर्बीण घेऊन बसणार असाल, तर मेलिफेराचा एका सेकंदाचा किलोमीटर तिथे वापरू नका. आणि बसणार असाल तर लांब बसा.

फुलोरीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ती आमच्या इंदूरच्या घरीच आहे. गच्चीवरच्या मेंदीच्या फांदीला तळहाताएवढं पोळं आहे. फांदी पोळ्याच्या आतून जाते आणि पोळ्याचा वरचा भाग फांदीभोवती गादीसारखा सपाट पसरतो. फुलोरी त्या गादीवर, उघड्या आकाशाखाली नाचते. तिला 'वर म्हणजे सूर्य' असं काही करावं लागत नाही. तिची धाव थेट फुलांकडे तोंड करून असते, जणू बोटच दाखवतेय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. दादाच्या माश्यांनी जे अवघड गणित अंधारात केलं, ते इथे नुसतं बोट दाखवून होतं. अर्थात तिला उजेड लागतो. आकाश झाकलं की तिचा नाच बिघडतो.

आता सूर्याकडे येऊ. दादाच्या माश्या सूर्याला 'वर' मानतात, पण सूर्य तर जागचा हलतो. कडुनिंब तिथेच आहे आणि साडेदहाचा नाच साडेबाराला जुना होतो. म्हणून एकाच झाडाची माहिती देणारी माशी दिवसभर आपला कोन बदलत राहते. पेटीच्या अंधारात बराच वेळ नाचत असली तरी बाहेर सूर्य जेवढा सरकला असेल, तेवढा तिचा कोनही सरकतो. तिच्या अंगात घड्याळ आहे, आणि सूर्य कोणत्या वेळी कुठे असतो हे तिने पाठ केलेलं असतं.

हे पाठ करणं वाटतं तितकं सोपं नाही. सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो, पण क्षितिजावरची त्याची दिशा एकाच गतीने बदलत नाही. इंदूरचंच उदाहरण घ्या. डिसेंबरच्या शेवटी सकाळी साधारण साडेदहाला सूर्य आग्नेयेच्या थोडा दक्षिणेकडे असतो आणि दुपारी अडीचला नैर्ऋत्येच्या थोडा दक्षिणेकडे. चार तासांत सत्तरेक अंश, बऱ्यापैकी सावकाश. जूनच्या पहिल्या आठवड्यात हेच घड्याळ धरून पाहा. साडेदहाला सूर्य जवळजवळ पूर्वेला आहे. साडेअकरालाही पूर्वेला. बारा वाजतात, तरी पूर्वेलाच, फक्त उंच उंच चढत गेलेला. मग बारा-पंचवीसच्या सुमारास तो डोक्यावरून जातो आणि लगेच पश्चिमेला असतो. सकाळभर हललाच नाही आणि मग काही मिनिटांत एकशे ऐंशी अंश फिरला.

याचं कारण कर्कवृत्त. ते उज्जैनच्या थोडं उत्तरेकडून जातं, इंदूर त्याच्या दक्षिणेला. त्यामुळे सूर्य आमच्या अगदी डोक्यावर दोनदा येतो, एकदा जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस उत्तरेकडे जाताना आणि दुसऱ्यांदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात परतताना. त्या दुपारी काठीची सावली काठीच्या पायात नाहीशी होते. उज्जैनच्या वेधशाळेतल्या शंकू यंत्रावर २१ जूनला लोक हीच गंमत बघायला जमतात.

सावली नाही म्हणजे दिशा नाही. माशीला सूर्याची दिशा हवी, आणि सूर्य डोक्यावर असताना त्याला दिशाच नसते. उत्तरेकडे तोंड करा की दक्षिणेकडे, तो सारखाच वर. मार्टिन लिंडाउअर हा फॉन फ्रिशचा शिष्य १९५० च्या दशकात श्रीलंकेत गेला तेव्हा त्याने हेच पाहिलं. सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून दोन-तीन अंशांच्या आत आला की माश्यांचे नाच विस्कळीत होत आणि दुपार थोडी कलली की पुन्हा जागेवर येत. इंदूरला शून्य सावलीच्या दिवशी सूर्य या तीन अंशांच्या आत पंचवीसेक मिनिटं असतो. म्हणजे मला बघायला पंचवीस मिनिटं मिळणार होती.

मी जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले. दादाच्या शेतात फुलं म्हणावीत अशी उरली नव्हती. पण माश्या नाचत होत्या, पाण्यासाठी. अशा उन्हात त्या पाणी आणून पोळ्यात पसरतात आणि पंख हलवून आतला उकाडा कमी करतात. पाणीही नाचातच सांगतात. माळव्यात छोट्या तळ्याला तलाई म्हणतात. दादाची तलाई पेट्यांपासून सरळ दक्षिणेला, अर्धा किलोमीटर दूर आहे, आणि आसपास दुसरं पाणी नाही. मार्चमध्ये जे जमलं नव्हतं ते इथे जमण्यासारखं होतं. माशी कुठे जाते हे आधीच ठाऊक. आम्ही तलाईच्या काठावर पाणी पिणाऱ्या सात-आठ माश्यांच्या पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका लावला. वहिनीची बाटली होती, तिला अजून सांगितलेलं नाही.

साडेदहाला ठिपक्यावाली एक माशी नाचू लागली. सूर्य पूर्वेला, तलाई दक्षिणेला, म्हणजे सूर्याच्या उजवीकडे नव्वदच्या थोडं वर. तिची धाव ओळंब्याच्या उजवीकडे, जवळजवळ आडवी, अर्ध्या सेकंदाची. साडेअकराला तसंच. बाराला तसंच, उजवीकडे आडवं. दीड तास तिने कोन बदललाच नव्हता. सूर्याची दिशाच बदलली नव्हती, तर ती तरी का बदलेल?

सव्वाबारानंतर नाच कमी झाले. ठिपक्यावाल्या दोन माश्या आल्या, पाणी दिलं आणि न नाचता गेल्या. एकीने तीन-चार धावा घेतल्या, एक उजवीकडे, एक वर, एक कुठेतरी तिरपी. मी मोजायचं सोडून दिलं. यातलं किती सूर्यामुळे आणि किती उकाड्यामुळे, हे एका दुपारीवरून सांगता येणार नाही. दादा तर म्हणाला, "आपणही या वेळी आडवेच होतो की."

पण खरी गंमत त्यानंतरची आहे. पुढे जे व्हायला हवं ते माशीला आधीच माहीत असतं असं सांगणारा एक प्रयोग आहे. अमेरिकेत डायर आणि डिकिन्सन यांनी १९९४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी माश्या अशा वाढवल्या की त्यांना बाहेर फक्त दुपार कलल्यावरच सोडलं जाई. सकाळचा सूर्य त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मग पूर्ण ढगाळ दिवशी त्यांना सकाळी सोडलं. सूर्य दिसत नव्हता, रस्ता खाणाखुणांवरून ओळखीचा होता. परत येऊन त्या नाचल्या, तर सूर्य त्यांच्या ओळखीच्या दुपारच्या जागेच्या बरोबर समोरच्या बाजूला आहे असं धरून. दुपारच्या सुमाराला मात्र त्यांनी तो एका झटक्यात पलीकडे नेला.

म्हणजे कुणी न शिकवता, न पाहता, माशीच्या डोक्यात सूर्याचा एक ढोबळ आराखडा असतो. सकाळभर एका बाजूला, दुपारभर विरुद्ध बाजूला, मध्यान्हीला उडी. अमेरिकेच्या आकाशासाठी हा आराखडा बराच कच्चा आहे. तिथला सूर्य असा उडी मारत नाही, म्हणून तिथल्या माशीला तो अनुभवाने दुरुस्त करावा लागतो. पण दादाच्या शेतात, जूनच्या पहिल्या आठवड्यात, आकाश हुबेहूब त्या आराखड्यासारखं वागत होतं.

एकला दहा कमी असताना ठिपक्यावाली पहिली माशी परत आली. तिने पाण्याचा थेंब दुसरीला दिला, अर्धा गोल फिरली आणि धावली. आडवी, अर्धा सेकंद, या वेळी ओळंब्याच्या डावीकडे. तिच्यामागे तिघी लागल्या होत्या. दोघी दारातून बाहेर पडल्या आणि मी मान वळवून बघेपर्यंत शेवग्याच्या पलीकडे, दक्षिणेला दिसेनाशा झाल्या.